एका चित्रातून तीन राक्षस

द्विमितीय गेममध्ये हिरवा, निळा आणि लाल राक्षस हवा असेल, तरी चित्र एकच पुरतं. शेडर प्रत्येक पिक्सेलचा रंग छटा, दाटपणा आणि उजळपणा अशा तीन आकड्यांत फोडतो, आणि फक्त छटा सरकवतो:

```
hsv.x = fract(hsv.x + shift);
```

छटांचं वर्तुळ ० ते १ धरलं, तर हिरवा ०.३३ वर येतो. `shift` ०.३३ दिला की तो निळा होतो, ०.६७ दिला की फेरी पूर्ण करून लाल. पांढरे दात आणि काळी बुबुळं तशीच राहतात, कारण त्यांना छटाच नसते. तपकिरी कमरपट्टा मात्र निळ्या राक्षसावर हिरवा होऊन बसतो. अशा वेळी एक काळं-पांढरं मुखवटा-चित्र जोडावं आणि त्यात पांढऱ्या असलेल्या जागीच छटा बदलावी. निळा तसाही डोळ्यांना गडद भासतो. म्हणून त्याचा दाटपणा थोडा उतरवावा.