लाइट गेल्यावर घरात काय चालेल?
सोलर घेऊ पाहणाऱ्या आई-वडिलांना परदेशातल्या लेकीचं पत्र

प्रिय अब्बा आणि अम्मी,



घरावर सोलर बसवायचं ठरतंय आणि सोलरवाला पुढच्या जुम्म्यानंतर घर बघायला येणार आहे, हे फोनवर कळलं. तुमचे जावई इथे दोह्यात इमारतींच्या इलेक्ट्रिक देखभालीचंच काम करतात. म्हणून दोन रात्री बसून आम्ही दोघांनी हे पत्र लिहिलं. फोनवर सांगितलेलं निम्मं विसरलं जातं. कागद समोर असला की अब्बा एकेक प्रश्न विचारू शकतील.

पहिला प्रश्न असा: "भर दुपारी, ऊन असताना महावितरणची लाइट गेली, तर आमच्या घरात काय चालू राहील?"

हा प्रश्न पहिला ठेवण्याचं कारण आहे. सरकारी सबसिडीत बहुतेक घरांवर जी साधी सिस्टीम बसते, तिला ऑन-ग्रिड म्हणतात. तिचा इन्व्हर्टर महावितरणच्या लाइनला जोडून चालतो. लाइन बंद झाली की तो स्वतःहून बंद पडतो. तो बिघाड नव्हे. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरची वीज उलटी जाऊन झटका बसू नये, म्हणून तसा नियमच आहे. म्हणजे छतावर लख्ख ऊन, पॅनल नवेकोरे, आणि घरात पंखा बंद. "इन्व्हर्टर तर दिलाय ना" असं सोलरवाला म्हणेल, आणि ते खोटंही नसेल. पण आपण घरात ज्याला इन्व्हर्टर म्हणतो तो बॅटरीवाला. हा सोलरचा इन्व्हर्टर बॅटरीशिवाय असतो. शब्द एक, वस्तू दोन.

लाइट तास-दोन तास जात असेल, तर यात फार नुकसान नाही. साधी ऑन-ग्रिड घ्यायची आणि घरातला जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर तसाच ठेवायचा. लाइट आली की तो पुन्हा चार्ज होतो. पैसेही कमी लागतात.

पण आपलं गाव श्रीवर्धन तालुक्यात आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आपल्या बाजूच्या कित्येक गावांत आठवडे लाइट नव्हती. तेव्हा अम्मीचं इन्सुलिन नव्हतं, आज आहे. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. जुन्या इन्व्हर्टरची बॅटरी एकदा उतरली की लाइट येईपर्यंत ती भरणार नाही, कारण ऑन-ग्रिडचे पॅनल तोवर बंदच असतील. म्हणून आपल्यासाठी हायब्रिड इन्व्हर्टर हवा, असं आम्हाला वाटतं. लाइन गेली की तो घराला महावितरणपासून तोडतो, आणि पॅनलची वीज ठरावीक बोर्डाला आणि बॅटरीला देत राहतो. हायब्रिड महाग पडतो आणि बॅटरीला सबसिडी नाही. तो खर्च आपला आहे, हे धरून चाला.

दुसरा प्रश्न: "बॅटरीत वापरायला किती युनिट मिळतील?" उत्तर युनिटमध्येच मागा, अँपिअर-अवरमध्ये नको. आपल्या जुन्या बॅटरीवर १५० अँपिअर-अवर लिहिलंय. ते १२ व्होल्टने गुणलं की १,८०० वॅट-अवर, म्हणजे १.८ युनिट होतात. पण पाण्याची बॅटरी टिकवायची तर अर्धीच वापरायची असते. हातात उरलं साधारण ०.९ युनिट. लिथियमची बॅटरी ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत वापरता येते. म्हणून दोन्हींची किंमत विचारताना "वापरायला किती" यावर तुलना करा.

आता आपलं घर मांडून बघू. लाइट नसलेली रात्र दहा तासांची धरली. दोन जुने पंखे प्रत्येकी ७५ वॅटचे, म्हणजे दीड युनिट. फ्रिज दिवसाला साधारण एक युनिट घेतो, म्हणजे रात्रीचे ०.४. नऊ वॅटचे चार दिवे पाच तास, ते ०.२ च्या आत. वायफायला ०.१. एकूण सव्वादोन युनिटच्या आसपास. यातलं सगळ्यात मोठं खाणं पंख्यांचं आहे. ३० वॅटचे बीएलडीसी पंखे लावले, तर दीडच्या जागी ०.६ लागेल आणि पूर्ण रात्र १.३ युनिटमध्ये निघेल. म्हणून मोठी बॅटरी मागण्याआधी दोन पंखे बदला. मग वापरायला चार युनिट देणारी लिथियम बॅटरी आपल्याला दोन दिवस पुरेल. त्या दोन दिवसांत पावसाळी ढगातूनही पॅनल थोडंफार भरत राहतील.

विहिरीची मोटर मात्र या हिशेबात धरू नका. एक एचपीची मोटर चालताना ७५० वॅटपेक्षा जास्त घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढते, आणि लहान इन्व्हर्टर तिथेच बंद पडतो. टाकी लाइट असतानाच भरून ठेवायची. "मोटरही चालेल" असं तो म्हणाला, तर लाइन बंद करून चालवून दाखवायला सांगा.

तिसरा प्रश्न: "आमच्या बिलाला किती किलोवॅट लागतात, आणि ते कसे काढलेत?" त्याने तीन किलोवॅट सुचवलेत, कारण पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला सर्वात जास्त, ७८,००० रुपये सबसिडी मिळते. दोनला ६०,००० मिळते. पण सबसिडी बघून माप ठरवायचं नसतं. अब्बांनी पाठवलेल्या बारा बिलांची सरासरी महिन्याला २१० युनिट आहे. एक किलोवॅट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिट धरा. मग दोन किलोवॅटचे दिवसाला आठ, महिन्याला २४० होतात. आपल्याला ते पुरतं.

जास्तीची वीज लाइनला दिली की नेट मीटर ती आपल्या नावे जमा करतो, आणि पुढच्या महिन्यांत ती वजा होते. पण हा हिशेब मार्चअखेर मिटवला जातो, आणि उरलेल्या युनिटना आपण भरतो त्यापेक्षा खूप कमी दर मिळतो. डिसेंबर ते मार्चच्या कडक उन्हातली शिल्लक जुलैच्या पावसाला उपयोगी पडत नाही. फक्त एप्रिल-मेची पडते. म्हणून गरजेपेक्षा मोठी सिस्टीम घेऊन कमाई होईल, या बोलण्यात येऊ नका. बिलही शून्य होणार नाही. स्थिर आकार लागतोच. सध्याचा नेट मीटरचा नियम महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात एकदा स्वतः विचारून घ्या.

चौथा प्रश्न छताचा. "ढाचा कशाचा, आणि किती वाऱ्याला टिकेल?" आपल्याकडे समुद्राची खारी हवा आहे. रंग मारलेलं लोखंड दोन-तीन पावसाळ्यांत गंजतं. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड ढाचा आणि स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट कोटेशनमध्ये लिहून घ्या. ताशी १५० किलोमीटर वाऱ्याला टिकेल, हेही लिहून घ्या. पॅनल स्लॅबवरच बसवा, कौलांवर नको. बोल्टसाठी स्लॅबला भोकं पाडणार असेल, तर ती पाणीबंद कोण करून देणार, तेही विचारा. आणि त्याला सकाळी नऊला व दुपारी तीनला छतावर उभं करा. पश्चिमेच्या माडाची सावली एकाच पॅनलवर पडली, तरी त्याच ओळीतल्या बाकीच्यांची वीजही घटू शकते.

आता पैशांचं. सबसिडी सोलरवाल्याच्या हातात जात नाही. सिस्टीम चालू होऊन तपासणी झाल्यावर ती ग्राहकाच्या बँक खात्यात येते. म्हणजे आधी पूर्ण रक्कम आपल्यालाच द्यायची. व्याजाचं कर्ज घ्यायचं नाही हे अब्बांचं ठरलेलंच आहे, तेव्हा कोटेशनवर सबसिडी वजा करून दाखवलेली किंमत नको. पूर्ण किंमत हवी, बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टरचे आकडे वेगळे. पॅनल भारतीय सेलचेच आहेत, हेही लिहून घ्या, कारण त्याशिवाय सबसिडी मिळत नाही. आणि तो योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते pmsuryaghar.gov.in वर बघा.

एक काम मात्र त्याच्या येण्याआधीच करायचं. आपलं वीजबिल अजून मरहूम दादांच्या नावावर आहे. अर्ज बिलावरच्या नावाने होतो आणि सबसिडीही त्याच नावाच्या खात्यात येते. म्हणून आधी महावितरणमध्ये नाव अब्बांच्या नावे करून घ्या. हे राहिलं, तर बसवलेली सिस्टीमही कागदांपायी अडकते.

शेवटचा हप्ता, निदान दहा टक्के, हातात ठेवा. नेट मीटर लागल्यावर, भर दुपारी सोलरवाल्यासमोर मेन स्विच बंद करा. काय बंद पडलं, काय चालू राहिलं, ते कागदावर लिहा. त्याच रात्री अम्मीने फ्रिज, दोन पंखे आणि दिवे चालू ठेवून मेन पुन्हा बंद करायचा, आणि सकाळी बॅटरीत किती टक्के उरले ते इन्व्हर्टरच्या पडद्यावर बघायचं. निम्मी बॅटरी शिल्लक असेल, तर हिशेब बरोबर बसला. रात्रीतच फ्रिज बंद पडला, तर पैसे न देता त्याला परत बोलवा. योजनेत पाच वर्षं देखभाल त्याच्याकडेच असते. तक्रार आल्यावर किती दिवसांत माणूस येईल, तेही लिहून घ्या.

त्याचं कोटेशन आलं की फोटो पाठवा. सही त्यानंतर करा.

तुमची लेक आणि जावई
दोहा