हायड्रोजन क्लोराइडमधला बंध आयनिक किती?

हायड्रोजन आणि क्लोरीन यांच्यातला बंध इलेक्ट्रॉनांच्या जोडीने बनतो, पण ही जोडी दोघांत सारखी वाटलेली नसते. क्लोरीन ती आपल्याकडे अधिक ओढतो. त्यामुळे त्याच्यावर थोडा ऋण प्रभार येतो आणि हायड्रोजनवर तेवढाच धन प्रभार उरतो. इलेक्ट्रॉन पूर्णपणे क्लोरीनकडे गेला असता तर बंध शंभर टक्के आयनिक झाला असता, आणि जोडी अगदी मधोमध राहिली असती तर शून्य टक्के. प्रत्यक्षातला बंध या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतो, याचा अंदाज दोन मोजमापांवरून काढता येतो.

पहिले मोजमाप रेणूच्या द्विध्रुव परिबलाचे, म्हणजे डायपोल मोमेंटचे. धन आणि ऋण प्रभार एकमेकांपासून दूर असले की प्रभाराला त्यांच्यातील अंतराने गुणून ही राशी मिळते. तिचे एकक डिबाय हे असून ते पीटर डिबाय या रसायनशास्त्रज्ञाच्या नावावरून आले आहे. त्यांना 1936 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. वायूतील रेणूंवर विद्युतक्षेत्र लावले की त्यांच्या वर्णपटातील रेषा सरकतात किंवा फुटतात. हा फरक किती पडतो, यावरून द्विध्रुव परिबल काढता येते.

दुसरे मोजमाप बंधाच्या लांबीचे. रेणू फिरताना ठरावीक ऊर्जाच घेऊ शकतो आणि त्या ऊर्जा दोन अणूंची वस्तुमाने व त्यांच्यातील अंतर यांवर अवलंबून असतात. वस्तुमाने माहीत असतातच. त्यामुळे वर्णपटातील रेषांमधल्या अंतरावरून बंधाची लांबी मिळते.

हायड्रोजन क्लोराइडचे द्विध्रुव परिबल 1.11 डिबाय आणि बंधाची लांबी 1.275 अँगस्ट्रॉम आहे. एक अख्खा इलेक्ट्रॉन हायड्रोजनकडून क्लोरीनकडे गेला आहे असे घटकाभर मानू. एका इलेक्ट्रॉनाएवढा धन आणि तेवढाच ऋण प्रभार एक अँगस्ट्रॉम अंतरावर असेल, तर द्विध्रुव परिबल 4.80 डिबाय येते. म्हणून 1.275 अँगस्ट्रॉमसाठी ते 4.80 × 1.275, म्हणजे 6.12 डिबाय व्हायला हवे. प्रत्यक्षात मोजलेले 1.11 आहे. त्याला 6.12 ने भागून शंभराने गुणले की सुमारे 18 टक्के मिळतात. सूत्ररूपात:

टक्केवारी = (μ ÷ (e × r)) × 100

यात μ हे मोजलेले द्विध्रुव परिबल, e हा इलेक्ट्रॉनाचा प्रभार आणि r ही बंधाची लांबी.

हायड्रोजन फ्लुओराइडसाठी हेच गणित केले, तर 1.83 डिबाय आणि 0.917 अँगस्ट्रॉमवरून सुमारे 42 टक्के येतात. हायड्रोजन आयोडाइडसाठी 0.45 डिबाय आणि 1.61 अँगस्ट्रॉमवरून जेमतेम 6 टक्के. फ्लुओरीनपासून आयोडीनकडे जाताना इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद कमी होते, तिला हे आकडे धरून आहेत.

गणितात चूक होते ती बहुधा अंतर निवडताना. वायुरूपातील सोडियम क्लोराइडच्या एकेकट्या रेणूचे द्विध्रुव परिबल 9.0 डिबाय आणि लांबी 2.36 अँगस्ट्रॉम असते. त्यावरून 79 टक्के येतात. पण मिठाच्या स्फटिकात शेजारच्या सोडियम व क्लोरीन आयनांमधले अंतर 2.82 अँगस्ट्रॉम असते. चुकून ते घेतले तर उत्तर 66 टक्क्यांवर घसरते. म्हणून दोन्ही मोजमापे त्याच वायुरूप रेणूची असायला हवीत.

उत्तर बरोबर काढले, तरी 79 टक्क्यांचा अर्थ सोडियमचा इलेक्ट्रॉन 79 टक्केच गेला असा होत नाही. सोडियमचा धन आयन क्लोरीनभोवतीचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचतो, क्लोरीन आयनाचा आकार बिघडतो आणि द्विध्रुव परिबल घटते. प्रभार दोन बिंदूंवर एकवटलेले आहेत, हे सूत्राचे गृहीतक इथे तुटते.

कार्बन मोनॉक्साइडमध्ये तर ते पुरतेच फसते. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन अधिक ओढणारा असूनही या रेणूचे द्विध्रुव परिबल फक्त 0.11 डिबाय आहे आणि ऋण टोक कार्बनकडे आहे. कार्बनवरची बंधात भाग न घेणारी इलेक्ट्रॉन-जोडी बाहेरच्या बाजूला पसरलेली असते आणि बंधातील ध्रुवीयतेला जवळजवळ पुसून टाकते. सूत्राने 2 टक्के येतात, पण ते बंधाविषयी काहीच सांगत नाहीत.

एकाच कुळातील साध्या रेणूंची तुलना करायला ही टक्केवारी उपयोगी आहे. प्रभार नेमका किती सरकला याचे मोजमाप म्हणून ती वापरू नये, आणि द्विध्रुव परिबलाची दिशा अपेक्षेच्या उलट निघाली तर ती बाजूलाच ठेवावी.