अबू झर यांचे कपडे

शुक्रवारच्या नमाजाआधी इमाम जे प्रवचन देतात, तो खुतबा. घरकामगार आणि मजुरांवर खुतबा असला की पैगंबरांचे सहकारी अबू झर यांची हकीकत बहुतेक वेळा येते. ती बुखारींच्या हदीससंग्रहात आहे.

रबझा या गावी एकाला अबू झर आणि त्यांचा गुलाम सारख्याच कपड्यांत दिसले. त्याने कारण विचारलं. आपण एकाला त्याच्या आईवरून हिणवलं होतं आणि त्यावर पैगंबरांनी खडसावलं होतं, हे अबू झर यांनी लपवलं नाही. सेवा करणारे तुमचे भाऊ आहेत. आपण खातो ते त्यांना खाऊ घालावं, आपण नेसतो ते नेसवावं, झेपणार नाही असं काम लादू नये, ही ती शिकवण.

तिचा शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो: जड काम सांगितलंच, तर स्वतः हात लावावा. म्हणजे गव्हाचं पोतं तिसऱ्या मजल्यावर चढवायचं असेल, तर दुसरं टोक मालकाने धरायचं.

तेव्हा गुलामगिरी होती. आजची मोलकरीण स्वतंत्र आहे, पगारावर येते. तिच्यासाठी वेगळा कप ठेवणाऱ्या घराने तो आजच काढून टाकावा.