उरलेली बहात्तर मिनिटे

भाट्याच्या खाडीवरील पूल ओलांडून मी रोज सकाळी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका यंत्रशाळेत नियोजनाच्या कामास जातो. पावसाळ्यातील मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर विसावतात आणि ऑगस्ट उजाडण्यापूर्वी त्यांची डागडुजी उरकावी लागते, म्हणून जुलै महिन्यात पंख्याच्या दांड्यांची, म्हणजे शाफ्टची, मागणी आमच्याकडे एकदम वाढते.

अशाच एका वर्क ऑर्डरीत चाळीस शाफ्ट करावयाचे होते. तिच्या राउटिंगमध्ये चार टप्पे होते: सळई कापणे, लेथवर कातणे, चावीचा गाळा पाडणे आणि तपासणी. लेथची जुळणी पंचेचाळीस मिनिटांची आणि पुढे दर नगास अठरा मिनिटे, असा दाखला असल्यामुळे चाळीस नगांना ७६५ मिनिटे लागावयाची होती. आठ तासांच्या पाळीत प्रत्यक्ष कामाची ४०८ मिनिटेच आम्ही धरतो, त्यामुळे दोन पाळ्यांत हे काम आटोपेल, अशी तजवीज मी केली. आणि ते तसे आटोपलेही.

तरीही तिसऱ्या दिवशी पडद्यावर लेथ व्यापलेला दिसत होता, आणि त्याच आधारावर मी एका होडीमालकास नव्या कामाची मुदत लांबची देणार होतो. परंतु यंत्रापाशी गेलो तेव्हा कारागीर हात पुसत उभा होता. ‘‘साहेब, माल केव्हाच संपला, पुढचं काम द्या,’’ तो म्हणाला.

शोध घेता असे आढळले की, चाळीसपैकी चार नग मापात न बसल्याने लाल पेटीत गेले होते, आणि कारागिराने प्रामाणिकपणे छत्तीस चांगले नग रुजू केले होते. मात्र नापास नगांचा रकाना त्याने कोरा ठेवला होता आणि ‘अंतिम’ या खुणेची चौकटही भरली नव्हती. प्रणालीच्या लेखी चार नग अद्याप करावयाचे होते, म्हणून त्यांची बहात्तर मिनिटे ती लेथच्या माथी मारून ठेवीत होती आणि मुदत उलटताच पुढच्या मोकळ्या वेळेत सरकवीत होती. जुने दप्तर उघडले तेव्हा अशा अर्धवट ऑर्डरींचा एकूण बोजा ७२० मिनिटांचा, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पाळ्यांचा निघाला. प्रत्यक्षात त्यातले एक मिनिटही काम शिल्लक नव्हते.

आता दर शनिवारी मी ज्यांची मुदत उलटली, परंतु ज्यांवर मिनिटे उरली आहेत, अशा टप्प्यांची यादी काढून यंत्रापाशी खातरजमा करतो. नग खरोखर उरले असतील तर नवी तारीख देतो, आणि नसतील तर नापास संख्या भरून टप्पा अंतिम करतो. ही नोंद झाल्यावाचून कोणत्याही होडीमालकास मी तारीख सांगत नाही.