प्रक्षेप्य गतीचे उत्तर तपासताना

तिरका फेकलेला चेंडू किंवा उडवलेला गोळा हवेत असताना त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाखेरीज दुसरे कोणतेही बल नाही असे मानले, तर त्याच्या हालचालीला प्रक्षेप्य गती म्हणतात. अकरावीच्या भौतिकशास्त्रात ही गती शिकवली जाते आणि प्रवेश परीक्षांतही तिच्यावर प्रश्न येतात. सूत्रे मोजकीच असतात. तरीही उत्तरे चुकतात, आणि ती प्रामुख्याने दोन जागी चुकतात. एक म्हणजे अधिक-उणे चिन्हांचा संकेत मध्येच बदलतो. दुसरी म्हणजे आडव्या दिशेची राशी उभ्या दिशेच्या समीकरणात शिरते. या चुकांतून निघणारे उत्तर पुष्कळदा दिसायला अगदी व्यवस्थित असते. त्यामुळे आकडेमोड पुन्हा करून ती सापडत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी तपासणी लागते.

एक उदाहरण घेऊ. ४० मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून एक चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने, क्षितिजाशी ३० अंशांचा कोन करून वरच्या दिशेने फेकला. तो जमिनीवर किती वेळाने पडेल, आणि इमारतीच्या पायथ्यापासून किती दूर? हिशेब सोपा राहावा म्हणून गुरुत्व त्वरण दर सेकंदाला सेकंदामागे १० मीटर धरू.

वेगाचे दोन घटक पाडले, की उभा घटक २० गुणिले ३० अंशांचा साइन, म्हणजे १० येतो. आडवा घटक २० गुणिले कोसाइन, म्हणजे सुमारे १७.३ येतो. आता वरची दिशा धन मानायची आणि मोजणीचा आरंभबिंदू चेंडू सुटला तिथे धरायचा. सुरुवातीचा उभा वेग वर आहे, म्हणून तो +१०. त्वरण खाली आहे, म्हणून ते −१०. जमीन आरंभबिंदूच्या ४० मीटर खाली आहे, म्हणून उभे विस्थापन −४०. तिन्ही राशींची चिन्हे अशी एकाच निर्णयातून आली, की समीकरण होते:

−40 = 10t − 5t²

ते सोडवले की t ची दोन मूल्ये मिळतात, ४ आणि −२. उणे वेळ चेंडू फेकण्याच्या आधीची असल्यामुळे ती सोडायची. चेंडू ४ सेकंदांनी पडतो. तेवढ्या वेळात तो आडवा १७.३ गुणिले ४, म्हणजे सुमारे ६९ मीटर जातो.

खालची दिशा धन मानली असती तरी काही बिघडले नसते. मग सुरुवातीचा उभा वेग −१०, त्वरण +१० आणि विस्थापन +४० झाले असते. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना −१ ने गुणल्यासारखा हा प्रकार आहे, त्यामुळे उत्तर तेच येते. कोणती दिशा धन मानावी, यात बरोबर-चूक काही नाही. चूक होते ती तीनपैकी दोन राशींना एक संकेत आणि तिसरीला दुसरा लावल्याने.

हे कसे घडते ते दोन नमुन्यांवरून दिसते. पहिल्या नमुन्यात वर धन मानलेले असते, पण ‘उंची ४० मीटर’ हे शब्द प्रश्नात वाचून विस्थापन +४० लिहिले जाते. मग समीकरण 40 = 10t − 5t² असे होते, आणि वर्गमुळाखाली ऋण संख्या येते. हे समीकरण खरे तर वेगळाच प्रश्न विचारत असते: चेंडू गच्चीच्या ४० मीटर वर केव्हा पोहोचेल? तो गच्चीपासून जेमतेम ५ मीटर वर जाणार आहे, त्यामुळे याचे उत्तर ‘कधीच नाही’ असे आहे. इथे गणित स्वतःच थांबते आणि चूक उघड होते. वर्गमुळाखाली ऋण संख्या आली, तर आकडेमोडीला दोष देण्यापूर्वी विस्थापनाचे चिन्ह पाहावे.

दुसरा नमुना जास्त धोक्याचा. ‘चेंडू खाली पडतो, म्हणून त्वरण धन’ असे मनात धरून विस्थापन +४० आणि त्वरण +१० लिहिले जाते, पण वर फेकलेला वेगही +१० च राहतो:

40 = 10t + 5t²

याचे उत्तर २ सेकंद असे स्वच्छ पूर्णांकात येते. आडवे अंतर ३४.६ मीटर. गणित कुठेही अडत नाही. प्रत्यक्षात हे उत्तर दुसऱ्याच चेंडूचे आहे, तोच वेग देऊन ३० अंश खाली फेकलेल्या चेंडूचे.

२ सेकंद हे उत्तर चुकीचे आहे, हे नवे समीकरण न मांडताही कळते. गच्चीवरून चेंडू नुसता सोडून दिला असता तरी ४० मीटर पडायला त्याला आठचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे २.८ सेकंद लागले असते. वर फेकलेल्या चेंडूला त्याहून जास्तच लागायला हवेत. शिवाय सेकंदाला १० मीटर वेगाने वर निघालेला चेंडू १ सेकंदात माथ्यावर जातो आणि आणखी १ सेकंदाने गच्चीच्या पातळीला परत येतो. म्हणजे दुसऱ्या सेकंदाच्या शेवटी तो अजून ४० मीटर उंचीवरच असतो. बरोबर उत्तराचीही खात्री अशीच करता येते. माथा गच्चीपासून ५ मीटर वर, म्हणजे जमिनीपासून ४५ मीटरवर आहे. तिथून पडायला ३ सेकंद लागतात. १ आणि ३ मिळून ४.

तपासणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हेच २ सेकंद आणि हेच ३४.६ मीटर अगदी निराळ्या चुकीतूनही येतात. उड्डाणकालाचे 2u sinθ/g आणि पल्ल्याचे u² sin2θ/g ही पाठ केलेली सूत्रे, चेंडू सुटला त्याच पातळीवर परत येतो तेव्हाच लागू पडतात. ती इथे वापरली की नेमके हेच आकडे मिळतात. हा या उदाहरणातल्या आकड्यांचा योगायोग आहे. पण त्यावरून एवढे कळते, की केवळ शेवटचे उत्तर पाहून विद्यार्थी कुठे घसरला ते सांगता येत नाही. विस्थापन, वेग आणि त्वरण जिथे पहिल्यांदा लिहिले, ती ओळ वाचावी लागते.

चिन्हांच्या गोंधळाचे एक मूळ ‘वर जाताना g उणे, खाली येताना g अधिक’ या नियमात आहे. उड्डाणाचे दोन तुकडे करून प्रत्येकासाठी धन दिशा नव्याने ठरवली, तर हा नियम चालतो. वर १ आणि ३ सेकंद काढले ते असेच. पण एकच समीकरण संपूर्ण उड्डाणासाठी वापरताना तो मनात असला, की हमखास घात होतो. चेंडू वर जाताना, माथ्यावर आणि खाली येताना त्वरण तेच आणि खालच्याच दिशेने असते. चिन्ह बदलते ते उभ्या वेगाचे. दुसरे मूळ दुहेरी उण्यात आहे. v = u − gt या सूत्रात उणे चिन्ह आधीच घातलेले असते. त्यात g ची किंमत पुन्हा −१० घातली, की चेंडू वर जाता जाता वेग वाढवू लागतो. g हा नुसता आकडा मानून तो नेहमी धन ठेवावा आणि दिशा दाखवण्याचे काम त्वरणाच्या चिन्हाकडे द्यावे, हे सर्वांत सुरक्षित.

आता घटकांकडे. आडवी गती एकसमान आणि उभी गती त्वरणयुक्त, आणि दोन्ही एकमेकींत न मिसळता एकाच वेळी चालतात, ही मांडणी गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केली आणि त्यातून मार्ग अन्वस्ताचा असतो हे सिद्ध केले. त्याआधी, १५३७ मध्ये, टार्टाग्लियाने तोफगोळ्याचा मार्ग सरळ रेषा, मग वर्तुळाचा कंस आणि शेवटी सरळ खाली, असा दाखवला होता. गॅलिलिओच्या मांडणीमुळे अवघड वक्र दोन सोप्या सरळ गतींत सुटला. त्या दोन गतींत समाईक असते ती फक्त वेळ. म्हणून उत्तर लिहिताना कागदाचे दोन रकाने करून एका रकान्यातून दुसऱ्यात वेळेखेरीज काहीही जाऊ न देणे, ही शिस्त फार उपयोगी पडते.

ती मोडली की काय होते? उभ्या समीकरणात १० ऐवजी पूर्ण वेग २० घातला, तर उत्तर ५.५ सेकंदांच्या आसपास येते आणि माथा गच्चीच्या ५ ऐवजी २० मीटर वर जातो. उलट, आडव्या अंतरातून ½gt² वजा केले, तर ४ सेकंदांनंतर अंतर सुमारे उणे ११ मीटर निघते, म्हणजे पुढे फेकलेला चेंडू इमारतीच्या मागे पडतो. शेवटच्या पायरीवर आणखी एक चूक होते. जमिनीवर पोहोचताना आडवा वेग १७.३ आणि उभा वेग १० − ४०, म्हणजे −३० असतो. पडतानाचा वेग या दोहोंची बेरीज करून ४७.३ येत नाही. घटक काटकोनात आहेत, म्हणून त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचे: ३०० आणि ९०० मिळून १२००, त्याचे वर्गमूळ सुमारे ३४.६.

हा १२०० चा आकडा ऊर्जेच्या हिशेबानेही स्वतंत्रपणे मिळतो. सुरुवातीच्या वेगाचा वर्ग ४००, त्यात 2gh, म्हणजे ८०० मिळवायचे. पूर्ण वेग उभ्या समीकरणात घातलेल्या उत्तरात ही पडताळणी लगेच फसते, कारण तिथे वर्गांची बेरीज १५०० येते. तरी या पडताळणीवर पूर्ण विसंबू नये. वर पाहिलेल्या २ सेकंदांच्या चुकीच्या उत्तरात शेवटचा उभा वेग १० + २० = ३० येतो, आणि ऊर्जेचा हिशेब तंतोतंत जुळतो. वर्ग केला की चिन्ह नाहीसे होते, त्यामुळे चेंडू वर फेकला की खाली, हे ऊर्जेला दिसत नाही. साइन आणि कोसाइन यांची अदलाबदलही तिला दिसत नाही, कारण दोन घटकांच्या वर्गांची बेरीज ४०० च राहते. अदलाबदल पकडायला कोन पाहावा. ३० अंश हा ४५ पेक्षा कमी, म्हणजे फेक आडवीकडे झुकलेली. तेव्हा आडवा घटक मोठा हवा. कोन उभ्या रेषेपासून दिला असेल तर मात्र उभ्या घटकासाठी कोसाइन येतो, म्हणून आकृतीत कोन कुठून मोजला आहे ते आधी पाहिलेले बरे.

हे सारे हवेचा रोध नगण्य असेल तोवरच. वेगाने जाणाऱ्या चेंडूवर हवेचा रोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि गतीच्या विरुद्ध दिशेने असतो. त्याचा आडवा भाग केवळ आडव्या वेगावर ठरत नाही, तर पूर्ण वेगावरही अवलंबून असतो, आणि त्या पूर्ण वेगात उभा वेग आलाच. तिथे एका रकान्यातली राशी दुसऱ्यात जाणे ही चूक राहत नाही, ती गरज होते. अशा उड्डाणाचा मार्ग सममित नसतो, उतार चढापेक्षा तीव्र असतो, आणि दोन्ही घटक वेळेच्या छोट्या छोट्या पायऱ्यांत एकत्रच पुढे न्यावे लागतात.