डिस्क कधी भरणार, हे सोमवारची वही सांगते

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर 2025 मध्ये एसक्यूएल सर्व्हरची नवी आवृत्ती आणली आणि फुकट मिळणाऱ्या एक्सप्रेस आवृत्तीत डेटाबेसची मर्यादा 10 जीबीवरून थेट 50 जीबीवर नेली. बिलिंगची बरीच सॉफ्टवेअर याच फुकट आवृत्तीवर चालतात, त्यामुळे व्यापारी खूश आहेत. माझ्या मते ही खुशी घाईची आहे.

समजा, ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारात एक ठोक विक्रीचं दुकान आहे. काउंटरमागच्या संगणकावर बिलांचा डेटाबेस आहे, आणि त्याच डिस्कवर रोज रात्री पूर्ण बॅकअप पडतो. मागचे सात बॅकअप ठेवायचे, आठवा घेण्याआधी सर्वांत जुना पुसायचा. डिस्कवर आज 20 जीबी, म्हणजे 20,480 एमबी, मोकळे आहेत. दर सोमवारी दुकान उघडताना हा प्रश्न डेटाबेसला विचारायचा:

```
SELECT name, size/128 AS file_mb,
  FILEPROPERTY(name,'SpaceUsed')/128 AS used_mb
FROM sys.database_files
WHERE type = 0;
```

वहीत `used_mb` लिहायचा. `file_mb` हा फाइलचा बाहेरचा आकार. फाइल एकदम मोठा तुकडा घेऊन वाढते आणि मग कित्येक दिवस तशीच राहते, म्हणून त्यावरून वाढीचा वेग कळत नाही. शिवाय जुनी बिलं पुसली तरी फाइल आपोआप आकसत नाही. आतली जागा मोकळी होते, डिस्क मात्र भरलेलीच दिसते.

सहा सोमवारचे आकडे असे धरू: 6,120, 6,165, 6,212, 6,256, 6,303 आणि 6,350 एमबी. पाच आठवड्यांत 230 एमबी वाढले, म्हणजे आठवड्याला सरासरी 46. जुन्या मर्यादेपर्यंत, 10,240 एमबीपर्यंत, 3,890 उरतात. त्याला 46 ने भागलं की सुमारे 84 आठवडे येतात. दीड वर्षाहून जास्त अवधी आहे, म्हणून मालक निश्चिंत होतो.

इथेच गफलत होते. डेटाबेस 46 एमबीने वाढला की रात्रीचा बॅकअपही तेवढाच वाढतो, आणि आठवडाभरात सातही बॅकअप नव्या आकाराचे होतात. एक मूळ फाइल आणि सात प्रती, म्हणजे डिस्कवरची वाढ आठपट: 368 एमबी. वीस जीबी 55 आठवड्यांत संपतात. डिस्क जुन्या मर्यादेच्याही आधी भरते, आणि नव्या 50 जीबीमुळे या दुकानाला एकही दिवस जास्त मिळत नाही.

त्यात सरळ रेषेला सण कळत नाहीत. दिवाळीच्या आसपासचे सहा आठवडे डेटाबेस दर आठवड्याला 120 एमबीने वाढतो असं धरलं, तर डिस्कवर आठवड्याला 960 चढतात, सहा आठवड्यांचे 5,760. उरलेले 14,720 नेहमीच्या वेगाने 40 आठवडे पुरतात, एकूण 46. सणाचा वेग गेल्या वर्षीच्या वहीतून घ्यावा, अंदाजाने नव्हे. आणि सण नसताना लागोपाठ दोन सोमवारी वाढ नेहमीच्या दुप्पट दिसली, तर जुना उतार सोडून नव्याने मोजावं. सॉफ्टवेअरवाल्याने बिलांचे फोटो डेटाबेसमध्येच साठवायला सुरुवात केली असेल, तर आधीचे सोमवार काही सांगत नाहीत.

तरीही एक प्रश्न उरतो: रेषा शून्यावर का न्यायची? ऑगस्ट 2023 मध्ये टोयोटाचे जपानमधले सगळे 14 कारखाने बंद पडले. कंपनीनेच कारण सांगितलं. 27 तारखेच्या देखभालीत साठलेला डेटा पुसण्याचं आणि लावण्याचं काम चालू असताना डिस्कवरची जागा कमी पडली. पर्यायी सर्व्हरही त्याच यंत्रणेवर होते, त्यामुळे तेही गेले. मोठ्या सर्व्हरवर डेटा हलवल्यावरच गाडी रुळावर आली. जागा मोकळी करण्याच्या कामालाही जागा लागते, हे मला त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

आपल्या दुकानात सर्वांत मोठं टेबल 3 जीबीचं असेल, तर ते नव्याने बांधताना आधी दुसरी प्रत तयार होते, आणि पूर्ण नोंद चालू असेल तर लॉगमध्ये साधारण तेवढीच भर पडते. म्हणून 6 जीबी राखून ठेवायचे आणि रेषा तिथवरच ओढायची. 20,480 मधून 6,144 आणि सणाचे 5,760 वजा केले की 8,576 राहतात. त्यांना 368 ने भागलं की 23 आठवडे आणि सणाचे सहा, मिळून 29.

बॅकअप दुसऱ्या डिस्कवर, शक्य तर दुसऱ्या इमारतीत, हलवले की आठपट वाढ पुन्हा 46 वर येते आणि मूळ डेटा आणि बॅकअप एकदम जाण्याचा धोकाही टळतो. त्यानंतर मात्र 10 जीबीची भिंत आधी लागते, आणि नवी आवृत्ती घेण्याचा विचार तेव्हा करावा.