चार्ज होतो, पण संगणकाला दिसत नाही

‘फोन चार्ज होतोय ना, मग केबल चांगलीच आहे.’ संगणकाला फोन दिसेनासा झाला की घरोघरी हेच ऐकू येतं. मग केबल सोडून बाकी सगळ्यांवर संशय जातो. कुणी ड्रायव्हर शोधत बसतं, कुणी विंडोज नव्याने टाकायला निघतं, तर कुणी फोन फॅक्टरी रीसेट करून त्यातले फोटोही घालवून बसतं. प्रत्यक्षात चार्जिंगवरून केबलमधल्या दोनच तारा शाबूत असल्याचं कळतं. फाइली ज्या तारांतून जातात, त्या वेगळ्या असतात.

साध्या यूएसबी केबलच्या पोटात चार तारा असतात. लाल तारेतून ५ व्होल्टचा पुरवठा येतो आणि काळी तार परतीची. हिरवी आणि पांढरी ही जोडी माहितीसाठी असते. त्यांना डी-प्लस आणि डी-मायनस म्हणतात. ट्रिमर, टॉर्च, नेकबँड किंवा छोट्या स्पीकरसोबत मिळणाऱ्या स्वस्त केबलमध्ये बऱ्याचदा ही जोडी घातलेलीच नसते, कारण त्या वस्तूंना फक्त वीज हवी असते. पुढे ती केबल घरातल्या ड्रॉवरमध्ये इतर केबलींत मिसळते आणि बाहेरून तिच्यात काही फरक दिसत नाही.

डेटाची जोडी नसली की नेमकं काय होतं, हे कळलं तर पुढची तपासणी सोपी जाते. केबल लावल्यावर फोन आधी डी-प्लस तारेवर थोडा विद्युतदाब चढवतो. ही संगणकासाठी त्याची हजेरी असते. हजेरी लागली की संगणक ‘तू कोण?’ असं विचारतो, फोन उत्तर देतो आणि मग ड्रायव्हर, परवानग्या वगैरे प्रकरणं सुरू होतात. तार नसेल तर हजेरीच लागत नाही. संगणक फोनला नाकारत नसतो. काही जोडलं गेलंय याचा त्याला पत्ताच नसतो. म्हणून अशा केबलची खरी खूण म्हणजे संगणकाच्या बाजूची संपूर्ण शांतता. काही चूक दाखवली जात असेल, तर केबलमध्ये डेटाच्या तारा आहेत असं समजायला हरकत नाही.

एक उदाहरण घेऊ. शेजारच्या काकूंचा अँड्रॉइड फोन स्क्रीन बदलायला द्यायचा आहे आणि त्याआधी लग्नाचे फोटो विंडोजच्या लॅपटॉपवर उतरवायचे आहेत. केबल लावली, बॅटरीवर विजेची खूण आली, पण ‘This PC’ मध्ये काहीच दिसत नाही. मधला यूएसबी हब असेल तर तो काढून केबल थेट लॅपटॉपला लावायची आणि फोनचं कुलूप उघडायचं. मग वरून पट्टी खाली ओढायची. तिथे ‘Charging this device via USB’ अशी सूचना असेल आणि ती दाबल्यावर ‘File transfer’ निवडता येत असेल, तर केबल निर्दोष आहे. अँड्रॉइड फोन मुद्दामच आधी फक्त चार्जिंगवर राहतो, म्हणजे परवानगीशिवाय कुणाला फाइली उघडता येऊ नयेत. तो पर्याय निवडला की काकूंचं काम होतं. आयफोन असता तर त्यावर ‘Trust This Computer?’ असा प्रश्न आला असता, आणि तोही डेटाच्या तारा असल्याचाच पुरावा.

अशी सूचना आलीच नाही, किंवा सेटिंगमधला यूएसबीचा पर्याय फिकट, न दाबता येणारा दिसला, तर लॅपटॉपकडे वळायचं. स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक करून ‘Device Manager’ उघडायचं, तो समोर ठेवून केबल काढायची आणि परत लावायची. यादी क्षणभर थरथरली, जोडणीचा आवाज आला किंवा ‘Unknown USB Device’ अशी ओळ उमटली, तर हजेरी लागली आहे, पुढचं बोलणं अडलंय. तिथे ड्रायव्हर, तुटत आलेली तार किंवा पोर्टमधला कचरा यांचा शोध घ्यावा. यादी अजिबात हलली नाही, आवाज नाही आणि फोन मात्र चार्ज होतोय, तर संशय केबलवर.

पण एवढ्यावर केबल फेकू नका. आता त्याच फोनला, लॅपटॉपच्या त्याच पोर्टमध्ये, जिच्यातून पूर्वी नक्की फाइली गेल्या आहेत अशी दुसरी केबल लावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल आणि पोर्ट दोन्ही एकदम बदलले तर दोष कुठे होता हे कळत नाही. दुसऱ्या केबलने फोन लगेच दिसला, तर निकाल लागला. तिनेही शांतताच राहिली, तर आता संशय फोनच्या किंवा लॅपटॉपच्या पोर्टवर जातो.

टाइप-सी पोर्टमध्ये एक बारीक गंमत आहे, तिचा उपयोग जरूर करावा. या प्लगमध्ये विजेसाठी आणि परतीसाठी प्रत्येकी चार टोकं असतात, साध्या डेटाची मात्र एकच जोडी असते, तीही मधोमध. त्यामुळे खिशातला धागा पोर्टच्या तळाशी साचला, तर चार्जिंग चालू राहून डेटा बंद पडू शकतो. म्हणून फोनकडचं टोक उपसून, उलटं करून लावून पाहा. एका बाजूने फोन दिसतो आणि दुसऱ्या बाजूने नाही, असं झालं तर बिघाड फोनच्या पोर्टमध्ये असण्याची शक्यता जास्त. फक्त चार्जिंगची केबल कुठल्याही बाजूने लावा, गप्पच राहते. कचरा काढायचा असेल तर फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढावा. सुई किंवा पिन आत घालू नये.

केबल नुसती पाहून किंवा हाताळून ओळखता येते, यावर माझा विश्वास नाही. जुन्या चौकोनी टोकाच्या आत चार पट्ट्या दिसतात, त्यांपैकी मधल्या दोन डेटाच्या. त्या नसतील तर केबल नक्की चार्जिंगचीच. पण त्या असूनही आत तार नसलेल्या केबली बाजारात आहेत. जाडीही फसवते, कारण जाडी विजेच्या तारांनी येते. ‘फास्ट चार्जिंग’ हा छापील दावा तर अजिबात धरू नये. दोन्ही टोकं टाइप-सी असतील तर जलद चार्जिंगची बोलणी वेगळ्याच तारेवर होतात, डेटाच्या जोडीशी त्यांचा संबंध नसतो. नवी केबल घेताना वेष्टनावर ‘डेटा’ किंवा ‘४८० एमबीपीएस’ असा उल्लेख आहे का ते पाहा, आणि दुकानात लॅपटॉप असेल तर एक फोटो पाठवून बघा. चांगला दुकानदार नाही म्हणणार नाही.

फक्त चार्जिंगची केबल सापडली म्हणून टाकून देण्याचं काही कारण नाही. रेल्वे स्थानकावरच्या किंवा विमानतळावरच्या अनोळखी पोर्टला फोन लावायचा असेल, तर डेटाची तार नसणं फायद्याचंच आहे. वीज येते, पण फोनमधल्या फाइलींपर्यंत कुणाला पोचता येत नाही. अशा सार्वजनिक पोर्टमधून होणाऱ्या चोरीबद्दल रिझर्व्ह बँकेनेही २०२२ च्या आपल्या पुस्तिकेत सावध केलं आहे.

एकदा तपासणी झाली की डेटाच्या केबलच्या टोकाला हिरवी आणि चार्जिंगच्या केबलला लाल टेप गुंडाळा, आणि प्रवासाच्या पिशवीत लालवालीच ठेवा.